जॉर्जेट-शिफॉन शिवताना सरकतंय, उसवतंय? जुन्या साडीचा कुर्ता शिवत शिवत सगळं बघूया

जॉर्जेटच्या कुर्त्याची एक नेहमीची तक्रार असते. शिवला तेव्हा छान होता, पण घातला की बाजूची शिलाई फिरून पोटावर येते, घेर एका बाजूला लोंबतो, आणि दोन धुण्यात काखेपाशी धागे निघायला लागतात. मग दोष जातो मशीनला नाहीतर आपल्या हाताला. खरं सांगायचं तर यातला निम्म्याहून जास्त घोळ मशीनवर बसायच्या आधीच, कापड कापताना झालेला असतो. कॉटनचं कापड जमिनीवर टाकलं की जागच्या जागी पडून राहतं, जॉर्जेट टाकलं की ते सरळ दिसतं पण सरळ नसतं.

त्याचं कारण त्याच्या धाग्यात आहे. जॉर्जेटचा धागा विणायच्या आधी खूप जोरात पिळलेला असतो, उभ्यात आणि आडव्यात उजव्या-डाव्या पिळाचे धागे आलटून पालटून घातलेले असतात, म्हणून कापडाला ती बारीक खरखर आणि थोडी स्प्रिंग येते. शिफॉन त्याच जातीचं, फक्त धागा अजून बारीक, वीण अजून विरळ, वजन अजून कमी. विरळ विणीमुळे उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून सहज घसरतात आणि चौकोनाचा तिरका चौकोन व्हायला नुसता हात लागला तरी पुरतो. उसवण्याचं कारण पण हेच, गुळगुळीत धाग्याला कॉटनसारखी लव नसते त्यामुळे कडेचा धागा धरून ठेवायला शेजाऱ्याला काही नसतंच.

आता नुसतं थिअरीत नको, एक खरं काम घेऊया. घरोघरी एखादी प्लेन जॉर्जेटची साडी पडलेली असते जी आता कोणी नेसत नाही. तिचा बिनकटचा, ए-लाइन, अस्तर लावलेला कुर्ता करायचा. माप धरूया छाती ३६, उंची ४४, खाली घेर ५६ इंच, बाही कोपरापर्यंत. बाजूला कट मुद्दाम ठेवला नाहीये कारण जॉर्जेटचे कट हा वेगळाच ताप आहे, पहिल्या कुर्त्याला तो नको.

आधी कापड कुठलं ते बघा

साडीच्या कडेचे चार-पाच धागे काढा, चिमट्यात धरून काडी लावा (सिंकजवळ करा, पंखा बंद करून). वितळून कडक काळा मणी झाला तर पॉलिस्टर. कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख असेल तर व्हिस्कोस. केस जळाल्याचा वास आला तर रेशीम, म्हणजे दुकानदार ज्याला प्युअर जॉर्जेट म्हणतो ते. हे एवढ्यासाठी करायचं की पुढची इस्त्री आणि धुणं दोन्ही यावर ठरतं. पॉलिस्टर आटत नाही पण गरम इस्त्रीला चिकटतं, म्हणून इस्त्री सगळ्यात कमीवर आणि मध्ये सुती रुमाल. व्हिस्कोस मात्र पाण्यात गेलं की चांगलंच आटतं, त्यामुळे ते कापायच्या आधी एकदा भिजवून वाळवलंच पाहिजे, नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता धाकट्या बहिणीला द्यावा लागेल. प्युअर असेल तर एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून वाळू द्या, डाग राहतोय का रंग जातोय ते बघा, आणि मगच पुढे जा.

आपली साडी पॉलिस्टर निघाली असं धरूया, बहुतेक वेळा तीच निघते.

कांजी: कंटाळा आला तरी करा

सरकणाऱ्या कापडाला काबूत आणायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे त्याला तात्पुरतं कडक करणं. एक टेबलस्पून साबुदाणा साधारण लिटरभर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, बारीक कापडातून गाळा, कोमट झाल्यावर त्यात कापड बुडवून हलकेच दाबून काढा. पिळायचं नाही. बाजारातलं तयार स्टार्च पण चालतं, पाकिटावर लिहिल्यापेक्षा थोडं जास्त घट्ट करायचं कारण पॉलिस्टरला कांजी कॉटनइतकी धरत नाही. आधी एक कोपरा बुडवून बघा, वाळल्यावर तो पातळ कागदासारखा वागायला हवा. पुठ्ठ्यासारखा झाला तर पाणी वाढवा. जरी, टिकली किंवा भरतकाम असेल तर हा प्रकार करू नका, तिथे खाली सांगितलेल्या कागदावरच भागवा.

वाळत घालताना एक गोष्ट सांभाळायची, चिमटे लावून कोपऱ्यांवर टांगायचं नाही. ओल्या कापडाचं वजन त्या दोन टोकांवर येतं आणि कापड तिरकं होऊन तसंच कडक होतं, म्हणजे आपण मेहनत करून चूक पक्की केली. दोरीवर मधोमध, काठ दोरीला काटकोनात येईल असं टाका. किंचित दमट असतानाच इस्त्री करा, आणि इस्त्री काठाच्या दिशेने फिरवा, तिरकी नाही.

सरळ कड काढणं

साडीचे दोन्ही काठ म्हणजे उभ्या धाग्याची दिशा, ती आयती मिळते. आडवी कड मात्र आपल्याला काढायची असते. बरेच जण जॉर्जेट टर्रकन फाडतात, दुकानात पण तसंच फाडून देतात, आणि फाडलेलं धाग्याला सरळ येतं हे खरंच आहे, पण फाडताना कडेचा इंचभर भाग ताणला जाऊन चुरगळतो आणि आपल्याला वाटतं तेवढी ती कड उपयोगाची राहत नाही. त्यापेक्षा धागा ओढा. काठापाशी छोटासा कट द्या, एक आडवा धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढत जा, कापडात एक बारीक रेघ उमटते. धागा मध्येच तुटतो, तुटणारच, तुटेल तिथपर्यंत रेघेवर कापा आणि त्याच रेघेतलं पुढचं टोक शोधून परत ओढा. ४४ इंचाच्या पन्ह्याला दहा-पंधरा मिनिटं जातात. पण यानंतर तुमच्याकडे खात्रीचा काटकोन असतो आणि पुढचं सगळं त्याच्या जिवावर.

दोन्ही काठ साधारण पाव इंच रुंदीने कापून काढा, कारण काठाची वीण घट्ट असते आणि तो शेजारचं कापड ओढून धरतो. या पट्ट्या फेकू नका, खांद्याला लागणार आहेत.

कागदावर, एकेरी, आणि पूर्ण पॅटर्न

आपल्याला सवय असते कापड दुमडून, दुमडीवर अर्धा पॅटर्न ठेवून एकदम कापायची. जॉर्जेटला हे चालत नाही. वरची घडी तुम्हाला दिसते, खालची कुठे सरकली ते कापल्यावर कळतं. म्हणून कापड एकेरी पसरायचं आणि पॅटर्न पूर्ण, म्हणजे उजवी-डावी दोन्ही बाजू असलेला करायचा. अर्धा पॅटर्न खाकी कागदावर काढा, कागद मधोमध दुमडून दोन्ही थर कापा, उघडला की पूर्ण झाला. आपल्या मापात पुढच्या भागाला छातीशी पूर्ण रुंदी २० इंच (३६ मध्ये ४ इंच सैल धरून ४०, त्याचे निम्मे), खाली घेराशी २८, आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच मार्जिन. उंचीला ४४ मध्ये खांद्याचा अर्धा इंच आणि खालचा एक इंच मिळवून ४५ आणि अर्धा. मागचा भाग तसाच, फक्त गळा वर. पुढचा, मागचा एकाखाली एक ठेवले तर साडीच्या लांबीतले ९१ इंच जातात, बाह्या त्याच्या पुढे. म्हणजे सव्वातीन मीटरमध्ये काम होतं आणि उरलेल्या साडीची ओढणी निघते.

आता जमिनीवर. घरातल्या फरशीच्या टाइलच्या रेघा म्हणजे फुकटचा आलेख आहे, तो वापरा. आधी पातळ खाकी कागद किंवा पांढरा मोठा कागद फरशीला चिकटपट्टीने लावा, टाइलच्या रेघेच्या बरोबरीने त्यावर पेन्सिलीने उभी आणि आडवी रेघ मारा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई फिक्या जॉर्जेटला लागते आणि सहज जात नाही. या कागदावर कापड पसरायचं, धाग्याने काढलेली कड आडव्या रेघेवर, काठाची कड उभ्या रेघेवर. हाताने ओढून सरळ करायचं नाही, तळव्याने थापटत आणायचं, आणि सगळं कापड जमिनीवरच असायला हवं, पलंगाच्या कडेवरून एक टोक लोंबत असेल तर तेच वजन बाकीचं खेचतं. मग कडेने कागदासकट टाचण्या. त्यावर पॅटर्न, पॅटर्नवर वजनं, स्टीलच्या वाट्या-फुलपात्री काहीही. टाचण्या बारीक आणि नव्या घ्या, आणि त्या मार्जिनमध्येच टोचा, जाड टाचणीचं भोक जॉर्जेटवर राहून जातं.

कात्री धारदार. हे सगळेच सांगतात, पण धार आहे की नाही कशी बघायची ते सांगते: जॉर्जेटचा तुकडा एकेरी धरून कात्रीच्या अगदी टोकाने कापा. टोकाशी कापड चावल्यासारखं पात्यांत अडकलं तर ती कात्री आज चालणार नाही. कापताना खालचं पातं जमिनीवरून उचलायचं नाही, लांब लांब कट घ्यायचे, दुसऱ्या हाताचा तळवा पॅटर्नवर कटाच्या अगदी जवळ, आणि तुम्ही स्वतः कापडाभोवती फिरायचं, कापड फिरवायचं नाही. खालचा कागद सोबतच कापायचा, तोच कापडाला धरून ठेवतो. कागदाने धार मरते हे खरं आहे, त्यामुळे यासाठी दुसरी कात्री ठेवा किंवा नंतर धार लावून घ्यायची तयारी ठेवा. कापडासाठी वेगळी आणि कागदासाठी वेगळी हा नियम आपण इथे जाणूनबुजून मोडतोय.

खुणेसाठी मार्जिनमध्ये कट मारू नका, तिथूनच उसवायला लागतं. मेणाचा खडू पण नको, तेलकट डाग राहतो. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा एक सैल कच्चा टाका, दोन्ही टोकं लांब सोडून, एवढं पुरतं.

कापलं ते सरळ आलं का, ही परीक्षा घ्याच

हे सहसा कोणी करत नाही आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. कापलेला भाग कागदावरच असताना टेपने दोन तिरकी मापं घ्या, डाव्या खांद्याच्या टोकापासून उजव्या घेराच्या कोपऱ्यापर्यंत, आणि उजव्या खांद्यापासून डाव्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखी आली पाहिजेत. एक-दोन सुताचा फरक चालून जातो. अर्धा इंच किंवा जास्त फरक असेल तर कापताना कापड तिरकं झालंय, आणि हाच तो कुर्ता ज्याची बाजूची शिलाई पोटावर येते. उपाय आहे: कागद सोडवा, ज्या बाजूचं तिरकं माप कमी आलंय त्या दोन टोकांना धरून हळूच ओढा, थोडं दमट करून इस्त्री मारा, परत मोजा. मग पॅटर्न परत वर ठेवून कडा जुळतायत का बघा, जिथे बाहेर येतंय तिथे छाटा. आत आलं असेल तर मार्जिन तिथे कमी धरायची. पण फरक इंचाच्या वर गेला असेल तर ओढाओढी करू नका, धुतल्यावर कापड मूळ जागी येतं, त्या कापडाच्या बाह्या काढा आणि भाग नव्याने कापा.

सुई, दोरा आणि मशीन

आपल्याकडे घरच्या मशीनला बहुतेक वेळा १४ किंवा १६ नंबरची सुई लावलेली असते आणि ती तुटेपर्यंत बदलली जात नाही. जॉर्जेटला ११ लावा, शिफॉन किंवा फार पातळ जॉर्जेट असेल तर ९. पाकिटावर दोन आकडे असतात, ९ म्हणजे ६५ आणि ११ म्हणजे ७५, दुसरा आकडा सुईच्या जाडीचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. सुई नवीन हवी. होजिअरीसाठी जी गोल टोकाची सुई मिळते ती इथे नको, ती धागे बाजूला ढकलून जाते आणि टीप वाकडीतिकडी दिसते. मायक्रोटेक्स नावाची अणकुचीदार सुई मिळाली तर सोनंच, नाहीतर साधी नवी ११ चालते. दुकानात जाताना मशीनची जुनी सुई बरोबर न्या, घरगुती मशीनच्या सुईला वर एक बाजू सपाट असते आणि कारखान्याच्या मशीनची सुई पूर्ण गोल, दोन्ही एकमेकींत बसत नाहीत.

सुई बोथट आहे हे कापड सांगतं. टीप मारताना टक टक आवाज येतो, टीपेच्या आडवे एक-दोन धागे लांबपर्यंत ओढल्यासारखी चमकदार रेघ दिसते, मध्येच टाका सुटतो. यातलं काहीही दिसलं की सेटिंगशी खेळायच्या आधी सुई बदला. पॉलिस्टर सुईला लवकर मारतं, एका कुर्त्याला एक सुई असा हिशोब ठेवा.

दोरा बारीक पॉलिस्टरचा, वर आणि बॉबिनमध्ये एकच. टाका २ ते सव्वादोन मिलिमीटर. चार मिलिमीटरचा लांब टाका लावला तर कापड चुन्या घेतं, फार बारीक लावला तर टीप कडक होऊन ओळीवर कापड फुगतं. वरचं टेन्शन नेहमीपेक्षा थोडं सैल, आणि मशीनच्या वरच्या स्क्रूने फूटचा दाब पण थोडा कमी करता येतो, तो करा. ओळखायचं असं की टीप मारून झाल्यावर तुकडा टेबलावर सोडा, तो सपाट पडला तर बरोबर, कड वळून चुन्या पडल्या तर आधी टेन्शन सैल करा, मग दाब.

झिगझॅगच्या मशीनमध्ये सुईच्या खालच्या पट्टीचं भोक रुंद असतं आणि पहिल्याच टाक्याला मशीन जॉर्जेट गिळून बसतं. सरळ टाक्याची वेगळी पट्टी मिळत असेल तर ती लावा. नसेल तर सुरुवातीला कापडाखाली पांढऱ्या पातळ कागदाची दोन इंच पट्टी ठेवा, पतंगाचा पांढरा कागद किंवा बटर पेपर, रंगीत नको. कागदावरून शिवायला सुरुवात करायची, दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवायची, आणि नंतर कागद टीपेवरून फाडून काढायचा. जुन्या काळ्या पायमशीनवर हा त्रास कमी होतो कारण तिचं भोक बारीकच असतं. सुरुवातीला उलट टीप मारू नका, तिथे गाठोडं होतं, दोरे लांब सोडून हाताने गाठ मारा.

थर सरकू नयेत म्हणून

मशीनचे दात खालचा थर पुढे ढकलतात, वरचा थर फूटखाली अडकून मागे राहतो, आणि शेवटी अर्धा इंच कापड वर उरतं. मग आपण ते छाटतो आणि मार्जिन संपवतो. टाचण्यांनी हे थांबत नाही, टाचण्यांच्या मध्ये कापड फुगून राहतं. धावदोऱ्याने थांबतं. बाजूची अख्खी शिलाई आधी हाताने कच्ची मारून घ्या, अर्ध्या-अर्ध्या इंचाचे टाके, सुती दोरा, आणि हे जमिनीवर किंवा टेबलावर सपाट ठेवून, मांडीवर घेऊन नाही. दोन्ही बाजूंना मिळून अर्धा तास जातो. उसवण्यात यापेक्षा जास्त जातो आणि जॉर्जेट दोनदा उसवलं की भोकं दिसायला लागतात.

मशीनवर शिवताना खालून वर, म्हणजे घेराकडून काखेकडे जा. घेर रुंद, काख अरुंद, त्यामुळे या दिशेने शिवलं तर बाजूच्या तिरक्या कडेचे धागे आत दबत जातात, उलट दिशेने गेलात तर कड ताणते. एक हात पुढे एक हात मागे, कापड नुसतं सपाट धरायचं, मागून खेचायचं नाही.

शिवायचा क्रम

कापल्या कापल्या सगळ्यात आधी गळ्याच्या कडेने एकेरी टीप मारून घ्या, मार्जिनच्या आत, खांद्याकडून मध्यापर्यंत आणि दुसऱ्या खांद्याकडून परत मध्यापर्यंत. गळ्याचा गोल उरेब असतो, त्याला उचलून ठेवलं तरी तो वाढतो. मुंढ्यालाही तसंच. हे त्याच दिवशी करा. कापून आठवडाभर कपाटात ठेवलेलं जॉर्जेट कडेने पाव इंच आत गेलेलं असतं.

खांदा जोडताना मघाशी कापलेली काठाची पट्टी टीपेत घ्या, खांदा लोंबणार नाही. अस्तराचे खांदे वेगळे जोडा. अस्तर बटर क्रेपचं बरं, कॉटनचं लावायचं असेल तर आधी भिजवून आटवून घ्या, नाहीतर धुतल्यावर आतून अस्तर आखडतं आणि वरून जॉर्जेट फुगे मारतं. गळ्याला वेगळी पट्टी लावूच नका, ती आरपार दिसते. जॉर्जेट आणि अस्तर सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळा शिवा, मार्जिन पाव इंचापर्यंत छाटून कट द्या, उलटवा आणि अस्तराच्या बाजूने दाबटीप मारा, म्हणजे अस्तर वर डोकावत नाही.

बाजूच्या शिलाया दोन्ही थरांच्या वेगवेगळ्या. अस्तराची साधी, जॉर्जेटची फ्रेंच सीम. तिच्यासाठी अर्धा इंच मार्जिन ठेवलंच आहे. आधी उलट बाजू समोरासमोर, म्हणजे नेहमीच्या बरोबर उलट, ठेवून कडेपासून पाव इंचावर टीप मारा. मग ती मार्जिन पाव इंचाच्या निम्मी राहील इतकी छाटा आणि निघालेले सगळे केस-धागे काढा. इथे आळस केला की सुलट बाजूने टीपेतून मिशा बाहेर येतात आणि त्या नंतर काही केल्या जात नाहीत. इस्त्री करून कापड उलटवा, सुलट बाजू समोरासमोर घ्या आणि कडेपासून पाव इंचावर दुसरी टीप. कच्ची कड आत कायमची बंद. बाहीची खालची शिलाई पण अशीच.

मुंढ्याला फ्रेंच सीम करायला जाऊ नका, गोलाईत ती जाड होते आणि ओढते. तिथे जॉर्जेट आणि अस्तर एकत्र कच्चं करून घ्या, बाही लावा, टीपेला लागून आत अजून एक टीप मारा, मार्जिन पाव इंच ठेवून छाटा आणि अस्तराच्या उरेब पट्टीने बांधून टाका. इंटरलॉक करून आणायचं असेल तरी चालतं, पण नुसतं इंटरलॉक, आधीच्या दुसऱ्या टीपेशिवाय, जॉर्जेटवर विसंबण्यासारखं नाही. ते कधीकधी अख्खंच्या अख्खं कडेवरून निसटून हातात येतं.

मेणबत्तीने किंवा उदबत्तीने कड जाळून घ्यायची युक्ती बऱ्याच जणी सांगतात. पॉलिस्टरची कड वितळते हे खरं, पण त्याचे कडक मणी होतात, ते काखेत टोचतात, आणि व्हिस्कोस-रेशीम तर वितळतच नाही, सरळ जळतं. गोंदासारखं जे फ्रे चेक वगैरे मिळतं ते वाळल्यावर कडक डाग सोडतं, त्यामुळे कुठे अगदी कोपऱ्यावर एक थेंब, त्यापलीकडे नाही.

टीप शाबूत आहे पण कापड फाकतंय

हा प्रकार उसवण्यापेक्षा वेगळा आहे हे लक्षात घ्या. टीपेच्या दोन्ही बाजूंना धागे सरकून शिडीसारख्या फटी दिसतात, विशेषतः पाठीवर मुंढ्यापाशी आणि छातीला. कितीही वेळा वरून टीप मारा, ते थांबत नाही, कारण ताण टीपेवर नाही, कापडावर आलाय. आधीच तपासायचं असेल तर दोन तुकडे जोडून टीपेच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून ओढा. लगेच फट पडली तर त्या कापडाला अंगाबरोबर बसणारं काही शिवू नका, सैल किमान ४ इंच ठेवा. घट्ट ब्लाउज हवाच असेल तर जॉर्जेटचा प्रत्येक भाग अस्तराच्या भागावर सगळीकडून कच्चा करून दोन्ही एक कापड समजूनच शिवायचे, म्हणजे ताण अस्तर घेतं. आपल्या कुर्त्यात अस्तर सुटं ठेवलंय ते म्हणूनच, तो सैल आहे.

खालचा घेर

घेर लगेच दुमडू नका. कुर्ता हँगरला लावून एक रात्र टांगून ठेवा. ए-लाइनच्या बाजूंना कापड तिरकं असतं, तिथे ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, मध्ये उतरत नाही. दुसऱ्या दिवशी घालून कोणालातरी जमिनीपासून पट्टीने मोजून टाचण्या लावायला सांगा आणि बाजूंना जेवढं उतरलंय तेवढं छाटा.

पिको करून आणणं सोपं, पण पिकोवाल्याला सांगा ओढू नको, कारण तिरक्या घेरावर कड ताणली की ती लाटालाटांची होते. ओढणीला ते छान दिसतं, कुर्त्याला नाही. घरीच करायचं तर तीन टीपांत बारीक दुमड होते. कच्च्या कडेपासून पाव इंचावर एक टीप. त्या टीपेवरच कड उलट बाजूला दुमडून, दुमडीच्या अगदी जवळ दुसरी टीप. आता उरलेलं मार्जिन दुसऱ्या टीपेला लागून छोट्या कात्रीने छाटा, अगदी जवळून, पण टीप न कापता. परत एकदा दुमडा आणि पहिल्या दोन्हींच्या वर तिसरी टीप. बारीक सपाट कड तयार. गोलाईत ही पद्धत चांगली बसते कारण पहिली टीपच कड वाढू देत नाही.

शिफॉन असेल तर हेच सगळं, फक्त सुई ९, फ्रेंच सीमची रुंदी अजून निम्मी कारण ती बाहेरून काळपट रेघेसारखी दिसते, आणि घेर मशीनऐवजी हाताने गुंडाळून केलेला जास्त चांगला पडतो.

अस्तर घेरापेक्षा एक इंच वर ठेवा आणि वेगळं दुमडा, दोन्ही एकत्र शिवू नका. मग कच्चे टाके काढा, आणि कुर्ता गार पाण्यात बुडवून कांजी काढून टाका, एका पाण्यात निघत नाही, पाणी चिकट लागायचं थांबेपर्यंत बदला. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा वाळवा.